मराठी लग्नपत्रिका इटालियनमध्ये आणताना: मजकूर, विधींची माहिती आणि पोशाखाच्या सूचना

मी पुण्यात इटालियन शिकवते आणि अधूनमधून भाषांतराची कामं घेते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे लग्नपत्रिका येऊ लागल्या आहेत. मुलगी इकडची, मुलगा तिकडचा, किंवा उलट, आणि तिकडून वीस-पंचवीस माणसं लग्नाला यायची असतात. घरचे लोक छापलेली मराठी पत्रिका हातात देतात आणि म्हणतात, ‘एवढं इटालियनमध्ये करून द्या.’ पहिल्या पत्रिकेच्या वेळी मी तसंच केलं होतं, ओळीला ओळ. पाहुणे बाराला पाच कमी असताना कार्यालयाच्या दारात उतरले, कारण पत्रिकेत फक्त मुहूर्त होता, बारा वाजून दोन मिनिटांचा. चहा नाही, फराळ नाही, नवऱ्या मुलाची आजी धावतपळत आत आली तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि ती मागच्या रांगेत उभी राहिली. चूक माझी होती. पत्रिकेत जे लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, ते मी इटालियन वाचकापर्यंत पोचवलंच नव्हतं.

म्हणून इथे एक पत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवते. नमुन्यासाठी मुलगी चित्रा, पुण्याची. मुलगा लूका, बोलोन्याचा. लग्न पुण्यात, शनिवार १२ डिसेंबर २०२६, मुहूर्त दुपारी १२ वाजून २३ मिनिटं. नावं आणि तारीख नमुन्यापुरतीच आहेत, मुहूर्त तुमच्या गुरुजींकडून घ्या. मूळ मजकूर आपल्या ओळखीचाच:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. चित्रा व श्री. जॉर्ज्यो व सौ. पाओला यांचे चिरंजीव चि. लूका यांचा शुभविवाह शनिवार दि. १२ डिसेंबर २०२६ रोजी दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
आपले नम्र, सौ. अनिता व श्री. सुरेश
कृपया आहेर आणू नये.

आधी कागद वेगळे करा

आपली पत्रिका एकाच कागदावर तीन कामं करते. लग्न ठरल्याचं कळवते, बोलावणं करते आणि कार्यक्रम सांगते. इटलीत पहिली दोन कामं रीतीनेच वेगळी आहेत. ‘पार्तेचिपात्स्योने’ म्हणजे लग्न होत असल्याची वार्ता; त्यात कोण, कधी, कुठे एवढंच असतं. त्याच पाकिटात एक लहान कार्ड असतं, त्याला ‘इन्वीतो’ म्हणतात, आणि जेवणाचं बोलावणं त्यावर असतं. ज्याला नुसती पार्तेचिपात्स्योने आली त्याने समारंभाला यावं, अभिनंदन करावं, पण मेजवानीत आपली खुर्ची धरू नये असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे पहिल्या कार्डाचं सुंदर भाषांतर करून तुम्ही थांबलात, तर बोलोन्यातल्या मावशीला वाटेल की आपल्याला फक्त कळवलं आहे. लहान कार्ड हवंच.

तिसरा कागद विधींच्या माहितीचा. चर्चमधल्या लग्नात इटालियन पाहुण्यांच्या हातात एक पातळ पुस्तिका दिली जाते, ‘लिब्रेत्तो’. प्रार्थना कोणती, वाचन कोणतं, कोणी केव्हा उभं राहायचं, हे त्यात छापलेलं असतं. पाहुण्यांना त्याची सवय आहे, त्यामुळे आपल्या विधींची माहिती त्याच रूपात दिली की ती परकी वाटत नाही. पोशाखाच्या सूचना मात्र लिब्रेत्तोत घालू नका. तो कार्यालयात हातात पडतो, आणि तोवर बॅग भरून माणूस आलेला असतो. त्या सूचना पाकिटातच, माहितीच्या वेगळ्या कागदावर हव्यात.

पाकीट केव्हा निघावं? इटलीत लग्नाआधी दोन-तीन महिने पत्रिका जातात. इथे विमानाची तिकिटं आणि व्हिसा मध्ये आहे, म्हणून तारीख निदान सहा महिने आधी कळवावी आणि छापील पाकीट सप्टेंबरच्या सुरुवातीला हाती पडेल असं बघावं. इटालियन नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता `indianvisaonline.gov.in` आहे. तो पत्ता माहितीच्या कागदावर जसाच्या तसा छापा, कारण त्याच्यासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत.

मायना, नावं आणि नाती

‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांना इटालियनमध्ये जागा नाही. दीर्घायुषी, सौभाग्याची आकांक्षा धरणारी असं शब्दशः केलं तर ते लग्नाच्या कार्डापेक्षा जुन्या प्रार्थनेसारखं वाचलं जातं. सोडून द्या. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ही जातात, तिकडे कार्डावर नुसतं नाव लिहिणं हाच आदर. हे घरच्या मोठ्यांना आधी समजावून सांगावं लागतं. माझा अनुभव असा की ‘सौ.’ काढायला आईची हरकत नसते, पण वडलांच्या नावामागचा ‘श्री.’ काढताना आजोबा अस्वस्थ होतात. त्यांना मराठी पत्रिका शेजारी ठेवून दाखवावी. तिच्यात सगळं जागच्या जागी आहे आणि तीही पाकिटात जाणारच आहे.

‘कै.’ हे अवघड आहे. इटलीत लग्नाच्या कार्डावर दिवंगतांचा उल्लेख करण्याची पद्धत नाही. वधूचे वडील हयात नसतील आणि त्यांचं नाव असायलाच हवं असेल तर ‘कोम्प्यांतो’ हा शब्द आहे, पण तो वाचताना माणूस थबकतो. आजी-आजोबांपैकी कोणी असेल तर ते नाव मराठी पत्रिकेत राहू द्यावं, इटालियन कार्डात नको.

नात्यांत एक खरा खड्डा आहे. ‘निपोते’ हा एकच शब्द नात, नातू, भाची, भाचा, पुतणी, पुतण्या सगळ्यांना चालतो. पत्रिकेत ‘अमुक यांची नात’ असेल आणि तुम्ही ‘निपोते’ लिहिलंत, तर वाचणारा अमुक यांना चित्राचे काका समजू शकतो. नातं महत्त्वाचं असेल तर वाक्य उलटं करा: ‘तिचे आजोबा’ असं लिहिलं की ‘नोन्नो’ शब्द येतो आणि शंका उरत नाही. तसंच काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान हे सगळे ‘त्सीओ’. एरवी बिघडत नाही, पण मामाच्या बाबतीत बिघडतं, कारण मामाला विधीत काम आहे. तिथे ‘आईचा भाऊ’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

आता नावांचा उच्चार. इटालियन माणूस ‘सी-एच’ ही अक्षरजोडी ‘क’ अशी वाचतो. म्हणजे कार्डावर चित्राचं नाव पासपोर्टप्रमाणे छापलं की सगळं बोलोन्या तिला ‘कित्रा’ म्हणणार. स्पेलिंग बदलू नका. कार्डावरचं नाव कागदपत्रांशी जुळलेलं बरं. माहितीच्या कागदावर एक ओळ घाला:

```
Chitra si legge «Citra».
```

‘सी-आय’ ही जोडी तिकडे ‘चि’ वाचली जाते, त्यामुळे उच्चार बरोबर येतो. ज्यांच्याशी पाहुण्यांचा संबंध येणार अशा पाच-सहा जणांचीच नावं अशी द्या. उलट बाजूची काळजी आपल्याकडे घ्यायची: आंद्रेआ, निकोला ही इटलीत पुरुषांची नावं आहेत. पाकिटावर पत्ते घालणाऱ्या आपल्या भाचरांनी त्यांना ‘प्रिय’चं स्त्रीलिंगी रूप लावलेलं मी पाहिलं आहे.

तारीख, मुहूर्त आणि येण्याची वेळ

इटालियनमध्ये वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षरांत लिहितात, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. शके आणि मिती इटालियन कार्डात घेऊ नका. घ्यायचीच असेल तर लिब्रेत्तोच्या मुखपृष्ठावर शोभते.

१२ वाजून २३ मिनिटं ही वेळ तिकडच्या वाचकाला छपाईची चूक वाटते. एका मुलाच्या आईने मला फोन करून विचारलं होतं की साडेबाराच ना? म्हणून मुहूर्त म्हणजे काय हे एका वाक्यात सांगावं. त्यासाठी तिकडचंच एक उदाहरण हाताशी आहे. इटलीत जुनी म्हण आहे की शुक्रवारी आणि मंगळवारी लग्न करू नये, प्रवासाला निघू नये. सतरा हा आकडाही तिकडे अशुभ. तुमच्याकडे वार पाहतात, आमच्याकडे मिनिट पाहतात, एवढं म्हटलं की कळतं.

आणि मुहूर्तापासून येण्याची वेळ वेगळी काढा. आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही की अकराच्या सुमारास यावं, फराळ करावा, मांडवात डोकावावं. तिकडे कार्डावरची वेळ हीच यायची वेळ. जे पाहुणे येऊ शकत नाहीत आणि मोबाइलवर सोहळा बघणार आहेत त्यांना इटलीची वेळ लिहून द्या. डिसेंबरात पुणे साडेचार तास पुढे असतं, म्हणजे १२.२३ला तिकडे सकाळचे ७.५३ झालेले असतात. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर हा फरक साडेतीन तासांचा होतो, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

हे सगळं धरून मोठं कार्ड असं होतं:

```
Anita e Suresh
con Paola e Giorgio
annunciano con gioia
il matrimonio dei loro figli

Chitra e Luca

sabato 12 dicembre 2026, ore 12.23
Pune, India
```

‘अनिता आणि सुरेश, पाओला आणि जॉर्ज्यो यांच्यासह, आनंदाने आपल्या मुलांच्या विवाहाची वार्ता देत आहेत.’ मूळ पत्रिकेत फक्त वधूचे आईवडील निमंत्रक आहेत. इटालियन कार्डात मी दोन्ही घरांना एका ओळीत आणलं, कारण वाचणारे बहुतेक लूकाच्या बाजूचे आहेत आणि स्वतःच्या घरचं नाव खाली कुठेतरी पाहून त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं. यजमान नसलेल्या बाजूला असं वर आणायचं का, हे दोन्ही घरांना विचारूनच ठरवा. कार्यालयाचं नाव आणि पत्ता शेवटच्या ओळीत येईल. नोंदणी आधीच इटलीत झालेली असेल आणि पुण्यात फक्त विधी असतील, तर ‘विवाहाची वार्ता’ हे शब्द वापरू नका. तिथे ‘हिंदू विवाहविधी’ असं लिहावं लागतं.

लहान कार्ड:

```
Siete invitati alla cerimonia
e al pranzo che seguirà.
Vi aspettiamo alle ore 11.00.
È gradita conferma
entro il 30 settembre 2026.
```

‘समारंभाला आणि त्यानंतरच्या भोजनाला आपण निमंत्रित आहात, अकरा वाजता वाट पाहतो, तीस सप्टेंबरपर्यंत येण्याचं कळवावं.’ इथे ‘सहकुटुंब सहपरिवार’ कुठे गेलं असं विचाराल. तिकडे पाकिटावर ज्यांची नावं तेवढेच निमंत्रित, ही पक्की समजूत आहे. म्हणून कुटुंबाला बोलावलं असेल तर पाकिटावर कुटुंब लिहा, दोघांना बोलावलं असेल तर दोघांची नावं लिहा. कार्डात ‘सहपरिवार’ आलं तर अर्धे लोक गोंधळतात आणि अर्धे मावसभावंडांची तिकिटं काढतात.

‘कृपया आहेर आणू नये’ याचं शब्दशः भाषांतर फटकळ होतं. तिकडे पाकिटातून पैसे देण्याची पद्धत अगदी आपल्यासारखी आहे, पण भेटींचा विषय कार्डावर काढत नाहीत. माहितीच्या कागदावर तळाशी ‘तुमची उपस्थिती हीच आम्हाला सर्वांत आवडती भेट’ या अर्थाची ओळ घालतात:

```
La vostra presenza è il regalo più gradito.
```

छापू नयेत अशा दोन गोष्टी

पहिली, स्वस्तिक. आपल्या पत्रिकेवर ते कुंकवाच्या रंगात, गणपतीच्या शेजारी असतंच. इटलीत मात्र पोस्टमन, शेजारी, म्हातारी आजी यांच्या डोळ्यांपुढे पाकिटावरच्या त्या खुणेतून दुसरं महायुद्ध उभं राहतं. जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलेल्या गावांच्या आठवणी बोलोन्याच्या आसपासच्या घरांत आजही सांगितल्या जातात. इटालियन कार्डावर गणपती, कलश, आंब्याचं तोरण घ्या आणि स्वस्तिक घेऊ नका. कार्यालयाच्या दारात, चौरंगावर, कलशावर ते असणारच आणि असावंच. त्यासाठी माहितीच्या कागदावर, दारात दिसणारी स्वस्तिकं हे हिंदूंचं अतिप्राचीन शुभचिन्ह आहे, असं आधीच सांगून ठेवा:

```
Le svastiche che vedrete all'ingresso
sono un antichissimo segno
di buon augurio indù.
```

दुसरी, शेवंती. इटलीत शेवंतीच्या जातीची फुलं २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरींवर ठेवतात. लग्नाच्या कार्डावर त्यांची वेलबुट्टी दिसली की माणूस दचकतो. झेंडू, मोगरा, कमळ चालतं. कार्यालयातल्या सजावटीतून शेवंती काढण्याची गरज नाही, पण लूकाच्या आईला केसांत माळायला वेणी द्याल तेव्हा मोगऱ्याची द्या.

विधींची माहिती

इथे मोह होतो की साखरपुड्यापासून सुनमुखापर्यंत सगळं लिहावं. लिहू नका. वाचणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर तीनच गोष्टी हव्या असतात: काय चाललं आहे, मी काय करायचं, आणि किती वेळ. घरोघरी क्रम वेगळा असतो, म्हणून लिहायला बसण्याआधी तुमच्या गुरुजींना फोन करून त्या दिवशीचा क्रम लिहून घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या क्रमात उत्तरेकडचे फेरे घुसतात आणि आपले मंगलाष्टक गळतात.

चित्रा-लूकासाठी मी चारच टप्पे घेतले. मामाने मुलीला आणणं हा पहिला. इटालियन पाहुण्यांना वडील मुलीला वेदीपर्यंत नेतात हे माहीत असतं, त्यामुळे सुरेशराव बाजूला उभे आणि दुसराच कोणी मुलीला घेऊन आला की कुजबुज सुरू होते. ‘वधूला तिचा मामा, म्हणजे आईचा भाऊ, घेऊन येतो’ एवढं वाक्य पुरतं.

दुसरा टप्पा अंतरपाट आणि अक्षता. यावर थांबायला हवं, कारण पाहुण्यांना प्रत्यक्ष काही करायचं आहे ते इथेच. इटलीतही वधूवरांवर तांदूळ टाकतात, पण चर्चमधून बाहेर पडताना, एकदाच, मूठभर आणि जोरात. आपल्या अक्षता प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी, ‘सावधान’ला, चार-चार दाणे. हे सांगितलं नाही तर काय होतं? पहिल्याच कडव्याला सगळी मूठ रिकामी होते आणि उरलेली सात कडवी माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो. शब्द निवडताना आणखी एक जपा. ‘कॉन्फेत्ती’ म्हणजे तिकडे साखरेत घोळवलेले बदाम, लग्नात पाहुण्यांना पाच-पाच देतात तसे. कागदाच्या टिकल्यांना ‘कोरियांदोली’ म्हणतात. अक्षतांना यातलं काहीही म्हणू नका, तांदूळच म्हणा:

```
Prima dei canti riceverete
un po' di riso colorato.
A ogni «savadhan» lanciate
solo qualche chicco verso gli sposi.
Alle 12.23 il drappo che li separa
viene tolto: si scambiano le ghirlande.
```

‘गायनाआधी तुम्हाला थोडे रंगीत तांदूळ मिळतील, प्रत्येक सावधानला वधूवरांच्या दिशेने थोडेच दाणे टाका, १२.२३ला दोघांमधलं वस्त्र दूर होतं आणि ते एकमेकांना हार घालतात.’

तिसरा टप्पा मंगळसूत्र आणि सप्तपदी. मंगळसूत्राला दागिना म्हणून समजावू नका. तिकडे लग्नाच्या अंगठीला ‘फेदे’ म्हणतात, त्या शब्दाचा दुसरा अर्थ निष्ठा. ‘आमच्याकडे फेदेचं काम ही काळ्या मण्यांची माळ करते’ असं लिहिलं की पाहुणे त्या क्षणी आपोआप गप्प होतात. सप्तपदी म्हणजे सात पावलं, तिला फार शब्द लागत नाहीत. कन्यादानाचं शब्दशः भाषांतर ‘मुलगी दान देणं’ असं होतं आणि ते वाचून तिकडच्या बायका अस्वस्थ होतात. मी शब्द तसाच ठेवते आणि पुढे लिहिते की आईवडील मुलीचा हात मुलाच्या हाती सोपवतात. दोन्ही हातांवरून पाणी सोडताना पाहुणे ते बघतातच.

चौथं म्हणजे गमतीचं. वधूचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, मेव्हण्या जोडे लपवतात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर लूकाचा मोठा भाऊ मध्ये पडतो. त्याला हे नक्की कळू द्या की जोडे सोडवून घ्यायचे पैसे त्यानेच खिशात ठेवायचे आहेत.

आणि एक वाक्य आवर्जून घाला: विधी चालू असताना बोललं, उठलं, जेवायला गेलं तरी चालतं. अक्षता पडल्या की आपली मंडळी पंगतीकडे वळतात आणि मांडवात होम चालू असतो. चर्चच्या शांततेची सवय असलेल्या माणसाला हा अपमान वाटतो, किंवा तो भुकेला तीन वाजेपर्यंत बसून राहतो.

पोशाख

इथे आपली नेहमीची ओळ ‘पारंपरिक वेष’ ही असते, आणि तिचं भाषांतर सर्वांत जास्त घात करतं. ‘कोस्तूमे’ हा शब्द पोहण्याच्या कपड्यांना आणि कार्निव्हलच्या सोंगांनाही लागतो. ‘आबितो’ म्हणजे पुरुषाचा सूटही आणि बाईचा झगाही, त्यामुळे कोणाला सांगताय ते उलगडून लिहावं लागतं. आणि ‘आबितो स्कूरो’, शब्दशः गडद पोशाख, ही तिकडच्या निमंत्रणांवरची ठरलेली संज्ञा आहे. ती वाचून पुरुष काळ्या किंवा गडद निळ्या सूटमध्ये येतात. नको असेल तर ती लिहू नका.

रंगांचं बरंचसं आपोआप जुळतं. इटलीत पाहुणीने पांढरं नेसू नये, तो वधूचा रंग. आपल्याकडेही मंगलकार्यात पांढरं टाळतात, कारण वेगळं, परिणाम तोच. काळ्याचं मात्र सांगावं लागतं. आजकाल इटलीत संध्याकाळच्या लग्नांना काळा झगा सर्रास चालतो. आपल्याकडे आजीच्या पायांना वाकायला काळ्या कपड्यात कोणी आलं तर आजी काही बोलणार नाही, पण तिला लागेल. हळदीच्या कार्यक्रमासाठी वेगळी ओळ द्या: डाग जाणार नाही असं समजूनच कपडा आणा, कारण हळदीचा डाग इस्त्रीच्या शर्टावर कायमचा राहतो.

अंग किती झाकावं यावर मी पूर्वी परिच्छेदभर लिहायची. आता एकच उपमा देते: चर्चमध्ये जाताना असतं तसं. खांदे आणि गुडघे झाकलेले, हे इटलीत लहान मुलालाही माहीत आहे, आणि त्यात उपदेशाचा सूर येत नाही.

```
Vi consigliamo abiti colorati,
comodi anche per sedersi per terra.
Spalle e ginocchia coperte, come in chiesa.
Vi preghiamo di evitare il bianco e il nero.
Nello spazio della cerimonia si sta scalzi.
Se vi fa piacere vestire all'indiana,
ne saremo felici: vi aiutiamo noi.
```

शेवटून तिसरी ओळ महत्त्वाची. मांडवात अनवाणी जायचं आहे हे कळलं की बंदाचे बूट आणि उंच टाचा घरी राहतात. पायमोजे चालतात हे विचारणाऱ्याला सांगा. हवामानही लिहा: डिसेंबरात पुण्यात सकाळी चांगला गारवा आणि दुपारी तिशीच्या आसपास ऊन, म्हणून शाल बरोबर हवी आणि लोकरी सूट नको.

‘आम्ही मदत करू’ असं लिहिलंत की ती करावी लागते. साडी नेसायची हौस असलेल्या प्रत्येकीकडून ऑक्टोबरातच मापं मागवा, आणि ती सेंटिमीटरमध्ये. कपड्याचा नंबर मागवू नका. इटलीचा ४२ आणि आपल्याकडचा ४२ यांचा काही संबंध नाही. छाती, छातीखालचा घेर, खांदा, बाहीची लांबी, दंडाचा घेर आणि परकरासाठी कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची, एवढ्यावर शिंपी ब्लाउज शिवतो. शिवणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर माया ठेवायला सांगा, म्हणजे आदल्या दिवशी उसवून नीट करता येतं. नऊवारीचा हट्ट कोणी धरला तर शिवलेली नऊवारी घ्या. पहिल्यांदा नेसणाऱ्या बाईला दिवसभर काष्टा सांभाळता येत नाही. नेसवायला एका बाईमागे पंधरा मिनिटं धरा. आठ जणी असतील तर दोन नेसवणाऱ्या लागतील, आणि अकराची वेळ साधायची तर नऊलाच सुरुवात हवी.

पुरुषांना कुर्ता सुचवताना ‘गुडघ्यापर्यंतचा लांब शर्ट’ असं वर्णन द्या. सूट घालणाऱ्याला निळा, तपकिरी, फिकट असा रंग सांगा. फेटा तिथेच बांधून मिळेल, त्यासाठी दहा मिनिटं उभं राहावं लागेल आणि तो संध्याकाळपर्यंत सोडायचा नसतो, हेही लिहा. फोटोत सगळ्यांत आनंदी चेहरे फेटे बांधलेल्या इटालियन काकांचे असतात.

जेवणाबद्दल थोडं, पण अचूक

जेवण शाकाहारी असेल आणि मद्य नसेल, हे सरळ लिहा. लग्नात वाइन नसणं तिकडे कोणी कल्पिलेलं नसतं, पण आधी कळलं तर कोणाची तक्रार नसते. गव्हाचं पथ्य असलेला पाहुणा इटलीहून येणाऱ्या गटात बहुधा असतो, आणि तो ते कळवतोही. त्याला ‘वरण-भात खा’ असं सांगून मोकळं होऊ नका. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं आणि तो फोडणीत पडतो. आचाऱ्याकडून हिंगाची डबी मागवून तिच्यावरचे घटक वाचा, किंवा त्या पाहुण्याचं वरण वेगळ्या पातेल्यात बिनहिंगाचं करायला सांगा.

छापण्याआधी

आपल्याकडचे छापखाने मराठीसाठी जे जुने फॉन्ट वापरतात त्यांत इटालियनची स्वरचिन्हं असलेली अक्षरं बहुधा नसतात. मग चिन्हाच्या जागी नुसता चौकोन येतो, किंवा कामगार अक्षरापुढे अपॉस्ट्रॉफी टाकून देतो. वरच्या लहान कार्डातली ही ओळ तपासणीसाठी उत्तम आहे:

```
È gradita conferma   (बरोबर)
E' gradita conferma  (चूक)
```

छापखान्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ते पुन्हा टाइप करतात. फॉन्टसकट पीडीएफ द्या आणि एक छापील प्रत स्वतः हातात घेऊन वाचा.

मग ती प्रत भारताशी काहीही संबंध नसलेल्या एका इटालियन माणसाला वाचायला द्या. लूकाला नको, त्याला सगळं माहीत आहे. त्याची आत्या चालेल. कार्ड परत घेऊन तिला विचारा: किती वाजता पोचायचं, तांदूळ केव्हा टाकायचे, पायात काय घालून यायचं. तिने पहिल्या प्रश्नाला १२.२३ असं उत्तर दिलं, तर ‘अकरा’ची ओळ ठळक करून पुन्हा छापायला द्या.